लेक झाल्याच्या अभिनंदनाचं इंग्रजी कार्ड मराठीत कसं उतरवावं

पुण्या-बंगळूरच्या कंपन्यांमध्ये आता रिवाजच पडला आहे. टीममधल्या कुणाला बाळ झालं की इंग्रजीत चार-सहा वाक्यांचा मजकूर तयार होतो, भेटवस्तूंची टोपली भरली जाते आणि कार्डासकट घरपोच पाठवली जाते. मुलगी कोल्हापूरची असेल तर टोपली जाते कोल्हापूरला, कारण पहिलं बाळंतपण माहेरी. मग टीममधलाच एखादा मराठी माणूस हा मजकूर कुणापुढे तरी ठेवतो आणि म्हणतो, "जरा छान, पारंपरिक मराठीत करून द्या की." हे काम पहिल्यांदाच अंगावर आलेल्यांसाठी मी लिहितो आहे. एकच कार्ड घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत जाऊ. नावं अर्थातच बदललेली आहेत.

मूळ मजकूर सहा वाक्यांचा होता. स्नेहल आणि रोहित यांना ‘ह्यूज काँग्रॅच्युलेशन्स’, तुमच्या ‘ब्यूटिफुल बेबी गर्ल’च्या आगमनाबद्दल. आम्ही सगळे ‘ओव्हर द मून’ आहोत. छोट्या इरा, ‘वेलकम टु द वर्ल्ड’, तुझं आयुष्य प्रेमानं आणि हास्यानं भरलेलं असो. स्नेहल, तुला ‘स्पीडी रिकव्हरी’साठी शुभेच्छा, आणि जागरणाच्या रात्री एंजॉय कर. सोबतचं छोटं गिफ्ट हॅम्पर तुम्हाला आवडेल अशी आशा. तुमच्या ‘बंडल ऑफ जॉय’ला भेटायला आम्ही आतुर आहोत, खूप खूप प्रेम, तुमची टीम.

इंग्रजी म्हणून यात काहीच वावगं नाही. ते गोडच आहे. पण शब्दाला शब्द लावला तर पुढ्यात येतं ते असं: "तुमच्या सुंदर बाळ मुलीच्या आगमनाबद्दल तुमचे खूप मोठे अभिनंदन. या जगात तुझे स्वागत आहे. तुला लवकर बरे होण्यासाठी शुभेच्छा. तुमच्या आनंदाच्या गाठोड्याला भेटण्यासाठी आम्ही वाट पाहू शकत नाही." शेवटचं वाक्य तर उलटाच अर्थ सांगतं, वाट बघायला आम्हाला वेळ नाही असा. ‘आनंदाचं गाठोडं’ वाचून घरची आज्जी गाठोडं शोधायला लागेल.

आधी बघा, कार्ड वाचणार कोण

पेन हातात घेण्याआधी विचारायचा प्रश्न हाच. इंग्रजी मजकूर लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे फक्त स्नेहल आणि रोहित असतात. प्रत्यक्षात टोपली उघडते ती माहेरच्या सोप्यात. स्नेहल आतल्या खोलीत बाळाजवळ असते, रोहित शनिवार-रविवारी येणार असतो. कार्ड आधी हातात घेतात स्नेहलचे वडील. ते चष्मा लावून मोठ्यानं वाचतात, आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन ऐकते आणि आज्जी खाटेवरून "काय लिवलंय?" म्हणून विचारते. म्हणजे मजकूर मोठ्यानं वाचला जाणार आहे, आणि पुण्याच्या त्या टीमला कधीही न पाहिलेल्या तीन पिकल्या माणसांपुढे वाचला जाणार आहे.

एवढं कळलं की भाषांतराची दिशा बदलते. इंग्रजीत एकच सूर सगळ्यांना चालतो: ‘बेस्ट विशेस’ म्हटलं की आई, बाप, बाळ, आजोबा सगळे त्यात आले. मराठीत तसं नाही. आपल्याकडं कोण कुणाला काय म्हणू शकतं, हे नात्यानं आणि वयानं ठरलेलं असतं. बाळाला आशीर्वाद द्यायचा. आई-बापांचं अभिनंदन करायचं. बाळंतिणीची खुशाली विचारायची, तिच्या तब्येतीचं बोलायचं. आणि घरच्या थोरांना नमस्कार सांगायचा. टीममधली पोरं पंचविशीची असोत, बाळापेक्षा ती मोठीच, त्यामुळं बाळाला त्यांनी आशीर्वाद दिला तर कुणाला खटकत नाही. पण तीच पोरं स्नेहलच्या घरच्यांना ‘आमचे आशीर्वाद’ म्हणाली तर आज्जी हसेल तरी, नाहीतर भुवया तरी वर करील. कार्डावर सही करणारे साठीचे डायरेक्टर असतील तर गोष्ट वेगळी. त्यांच्या नावानं ‘अनेक उत्तम आशीर्वाद’ शोभून दिसतात.

म्हणून मी मूळ मजकुराची सहा वाक्यं तशीच क्रमानं उतरवत नाही. आधी प्रत्येक वाक्याशेजारी लिहितो, हे कुणाला उद्देशून आहे. या कार्डात पहिली दोन आई-बापांना, तिसरं बाळाला, चौथं बाळंतिणीला, पाचवं आणि सहावं पुन्हा घरच्यांना. आणि लगेच दिसतं की थोरांना नमस्कार कुठंच नाही. तो इंग्रजीत नव्हताच, लागणारही नव्हता. मराठीत तो घालावा लागतो. असं एखादं वाक्य आपल्या पदरचं घालायला नवखे घाबरतात. घाबरू नका, पण मजकूर देणाऱ्याला सांगून घाला. "घरी आजी-आजोबा आहेत, त्यांच्यासाठी एक ओळ वाढवतोय" म्हटलं की आजवर कुणी नको म्हटलेलं मला आठवत नाही.

तू-तुम्हीचा गुंताही इथंच सोडवून टाका. दोघांना मिळून बोलताना ‘तुम्ही’ आपोआप बसतं, त्यात मान आहे की अनेकवचन आहे हे कुणी विचारत नाही. बाळाला कायम ‘तू’. बाळाला ‘आपलं स्वागत’ लिहिलेलं कार्ड मी पाहिलं आहे, ते एखाद्या पाहुण्या मंत्र्याला लिहिल्यासारखं वाटतं. प्रश्न उरतो तो फक्त स्नेहलला एकटीला बोलतानाचा. टीम तिला ऑफिसात काय म्हणते, ते फोन करून विचारा. तिथं ती ‘स्नेहल, तू’ असेल तर कार्डावरही तूच ठेवा. माहेरच्या माणसांना लेकीला कुणी आपलेपणानं ‘तू’ म्हटलेलं आवडतं.

नाव अजून लिहायचं नाही

मूळ मजकुरात ‘इरा’ हे नाव होतं. रोहितनं ते टीमच्या ग्रुपवर आधीच सांगून टाकलं होतं. इंग्रजी कार्डात नाव आलं तर कुणाला काही वाटणार नाही, पण पारंपरिक मराठी कार्ड बारशाआधी पोहोचणार असेल तर नाव गाळायचं. बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, मग ते चारचौघांत उच्चारलं जातं. तो मान आत्याचा. तिच्याआधी ते नाव छापील कार्डावर सोप्यात मोठ्यानं वाचलं गेलं तर आत्या रुसणार, आणि तिचं रुसणं रास्तच असेल. शिवाय पुष्कळदा घरात नाव अजून नक्की झालेलं नसतं. आई-बापांनी एक ठरवलेलं असतं, आज्जीच्या मनात पत्रिकेतल्या अक्षराचं दुसरंच घोळत असतं. त्या वादात परगावच्या कंपनीनं शिक्का मारू नये.

बारसं बहुतेक घरांत बाराव्या दिवशी असतं, पण हल्ली सोयीनुसार महिना-सव्वा महिन्यावरही ढकललं जातं. तेव्हा तारीख विचारून घ्या. बारसं आधीच झालं असेल तर नाव खुशाल लिहा, पुढं ‘चि.’ लावून. झालं नसेल तर लाडाचं काहीही चालतं: छकुली, सोनुली, चिमुरडी, बाळराणी. कोल्हापुरात घरोघरी तान्ह्या मुलीला ‘बाई’ किंवा ‘माई’ म्हणूनही हाक मारतात, पण ते घरच्यांच्या तोंडी शोभतं, कार्डावर नको. मी ‘छकुली’ घेतलं.

वाक्यागणिक

आता एकेक वाक्य. पहिल्यात ‘ब्यूटिफुल बेबी गर्ल’ आहे. तान्ह्या बाळाला उघड उघड ‘सुंदर’ म्हणायला आपल्याकडं जुनी माणसं कचरतात, दृष्ट लागेल म्हणून. गालावर काजळाची तीट लावतात ती त्यासाठीच. म्हणून कौतुक करायचंच तर गोजिरवाणी, लोभस असे शब्द घ्या आणि कुठंतरी ‘दृष्ट न लागो’ ठेवून द्या. किंवा कौतुकाचा शब्द सरळ सोडून द्या, कारण टीमनं बाळ अजून पाहिलेलं नाही. न पाहिलेल्या बाळाला सुंदर म्हणणं इंग्रजीत रीतीचं आहे. मराठीत ते पोकळ वाटतं. मी सोडून दिलं, आणि दृष्ट पुढं आशीर्वादात घेतली.

‘बेबी गर्ल’साठी कन्यारत्न, कन्या, मुलगी आणि लेक असे चार शब्द हाताशी असतात. ‘कन्यारत्न प्राप्त झाले’ हे पत्रिकेतलं आणि वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीतलं मराठी आहे. चुकीचं नाही, पण त्यात ऊब नाही. ‘लेक’ या शब्दात माया आहे आणि तो आज्जीपासून टीममधल्या पोरांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसतो. ‘तुमच्या घरी लेक आली’ एवढं म्हटलं की ‘आगमन’ वगैरे शब्दांची गरजच राहत नाही.

इथं एक गोष्ट जरा सावकाश सांगायला हवी. ‘पारंपरिक शब्द घाला’ म्हटलं की मुलीच्या कार्डात हमखास येतं ते ‘पहिली बेटी, धनाची पेटी’. ही म्हण ऐकायला गोड आहे, पण ती कोणत्या वेळी म्हटली जात आली आहे ते आठवा. मुलाची वाट बघणाऱ्या घरात मुलगी झाली की शेजारीण समजूत घालायला हे म्हणायची. म्हणजे तिच्या पोटात ‘असू दे, पुढच्या खेपेला बघू’ दडलेलं आहे. कोल्हापूर जिल्ह्यात 2001च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं 839 मुली होत्या. 2011 साली तो आकडा 863 झाला. अशा जिल्ह्यात मुलीच्या जन्माचं अभिनंदन समजुतीच्या सुरात जाता कामा नये. मूळ इंग्रजीत निर्भेळ आनंद आहे, समजूत कुठंच नाही, तेव्हा मराठीतही ती आपण आणायची नाही. ‘घरी लक्ष्मी आली’ हे त्या मानानं बरं. ते आनंदानं म्हटलं जातं आणि अंबाबाईच्या गावात ते चटकन पोचतं. तरी मी ते जपून वापरतो, कारण लक्ष्मी म्हटलं की पैशाचा विषय डोकावतोच. याच न्यायानं मुलाच्या कार्डातून ‘वंशाचा दिवा’ आणि ‘कुलदीपक’ काढून टाकायचे.

दुसरं वाक्य, ‘ओव्हर द मून’. याला चंद्राची काही गरज नाही. आनंद गगनात मावत नाही, हा तयार वाक्प्रचार आहे, पण तो निवडणुकीच्या फलकांवर इतका झिजला आहे की त्यातून काही ऐकू येत नाही. त्याऐवजी प्रत्यक्षात काय घडलं ते लिहा: बातमी आली आणि ऑफिसात आनंदीआनंद झाला. घरच्यांना तेच कळायला हवं असतं, आपल्या मुलीची बातमी ऐकून तिथली माणसं खरंच हरखली की नाही.

तिसऱ्या वाक्यात बाळाला आशीर्वाद आहे, आणि सगळ्या कार्डाचा जीव तिथं असतो. इंग्रजीतल्या इच्छा-वाक्याचं मराठी करताना नवखे ‘असू शकेल’, ‘असावे अशी इच्छा’ असं काहीतरी लिहितात. मराठीकडं यासाठी खास क्रियारूप आहे: लाभो, येवो, नांदो, राहो, होवो. ही रूपं जिथं बसतात तिथं वाक्याला आपोआप देव्हाऱ्यापुढचा सूर येतो. मात्र लागोपाठ चार-पाच आली तर स्तोत्र वाचल्यासारखं होतं. दोन-तीन पुरे. आणि ‘प्रेमानं भरलेलं आयुष्य’ ही कल्पनाही इथं चिकटत नाही. आपण बाळाला प्रेम मागत नाही, ते घरात आहेच. आपण मागतो ते उदंड आयुष्य, चांगली तब्येत, पायगुण. म्हणून ‘तुझ्या पावलांनी घरात सुखसमृद्धी येवो, तुला उदंड आयुष्य लाभो’. इंग्रजीतलं हास्य मात्र मी ठेवलं, त्याला रडण्याची जोड दिली: ‘तुझ्या हसण्या-रडण्यानं दोन्ही घरं कायम गजबजलेली राहोत.’ दोन्ही घरं, म्हणजे सासर आणि माहेर. कार्ड माहेरी वाचलं जाणार आहे आणि बाळ काही महिन्यांनी बापाच्या घरी जाणार आहे, हे त्या दोन शब्दांत येतं.

देवाचं नाव घालायचं का, हे घर बघून ठरवा. कोल्हापुरात ‘आई अंबाबाईची कृपा राहो’ हे इतकं सहज निघतं की हात आपोआप तिकडं वळतो. जोतिबाचे भक्त असलेल्या घरात नातेवाईक चांगभलंही म्हणतील. पण याच गावात जैन आहेत, लिंगायत आहेत, मुसलमान आणि ख्रिस्ती घरं आहेत, आणि त्यांचंही बोलणं मराठीतच चालतं. ‘पारंपरिक’ याचा अर्थ सगळ्यांच्या घरी अंबाबाई असा नव्हे. घरची श्रद्धा नक्की ठाऊक असेल तरच देवाचं नाव. नसेल तर ‘उदंड आयुष्य’ कुठल्याही उंबऱ्याच्या आत जाऊ शकतं. सटवाईचंही तसंच. पाचवीच्या रात्री ती बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते म्हणतात, आणि ‘सटवाईनं कपाळी सुखाचं लिहिलेलं असो’ हे वाक्य मला स्वतःला फार आवडतं. पण सटवाईचं नाव काढलं की काही आज्ज्या भिऊन बाळाला पदराखाली घेतात. कंपनीच्या कार्डात ते नकोच.

चौथं वाक्य अवघड. ‘स्पीडी रिकव्हरी’चं ‘लवकर बरी हो’ केलं की स्नेहल आजारी पडल्यासारखी वाटते. बाळंतीण आजारी नसते; ती सव्वा महिना जपायची असते. तिच्याभोवती शेक-शेगडी, तेल लावणं, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, डोक्याला बांधलेला रुमाल असं सगळं जग चालू असतं, आणि ते चालवणारी तिची आई असते. म्हणून बरं होण्याऐवजी जपायला सांगा, आणि त्यात आईचा उल्लेख आणा. दाराशी उभं राहून ऐकणाऱ्या त्या बाईच्या कष्टांची कुणीतरी दखल घेतली, असं होतं. ‘जागरणाच्या रात्री एंजॉय कर’ हा इंग्रजी विनोद मी गाळला. मित्रामित्रांत तो चालतो, पण रात्र-रात्र बाळ मांडीवर घेऊन बसलेल्या आजीपुढं मोठ्यानं वाचायला नको. त्याच्या जागी टीमला खरं काय सांगायचं आहे ते विचारलं, तर उत्तर आलं की तिनं कामाचं टेन्शन घेऊ नये. मग तेच लिहिलं.

आणखी एक. ‘बाळ-बाळंतीण सुखरूप’ हे आपलं ठेवणीतलं वाक्य आहे, पण ती नुसती शुभेच्छा नाही, ती माहिती आहे. बाळ अजून दवाखान्यात काचेच्या पेटीत असेल, किंवा दिवस भरायच्या आधी झालं असेल, तर हे वाक्य घरच्यांना टोचतं. आधी एक फोन करून खात्री करून घ्या. शंका असेल तर ‘सुखरूप आहेत हे ऐकून बरं वाटलं’ याऐवजी ‘दोघींची तब्येत उत्तम राहो’ लिहा, आणि सूरही थोडा खाली आणा.

पाचव्यातलं ‘गिफ्ट हॅम्पर’ सगळ्यात सोपं निघालं, कारण आपल्याकडं ही वस्तू आधीपासून आहे: बाळंतविडा. बाळासाठी अंगडं-टोपडं, दुपटं, झबली आणि बाळंतिणीसाठी काहीबाही असं बांधून नातेवाईक देतात तो. टोपलीत दुपटं आणि झबली होतीच, त्यामुळं शब्द खोटाही पडला नाही. त्यात नुसती चॉकलेटं आणि सुगंधी मेणबत्ती असती तर मी ‘छोटीशी भेट’ म्हणून थांबलो असतो.

सहाव्यातलं भेटायला आतुर असणं बारशाकडं वळवा. सव्वा महिना पुरा व्हायच्या आत परक्या माणसांनी बाळाला बघायला येण्याबद्दल काही घरांत मनात किंतू असतो. ‘आम्ही लवकरच येतोय’ वाचून घरचे कामाला लागतात, किती जण, केव्हा, चहाला की जेवायला. ‘बारशाच्या बोलावण्याची वाट बघतोय’ म्हटलं की आतुरताही कळते आणि बोलवायचं की नाही हेही घरच्यांच्या हाती राहतं. आणि ‘लॉट्स ऑफ लव्ह’चं ‘खूप खूप प्रेम’ करू नका. मराठी पत्राच्या शेवटी नाव आणि नातं पुरतं.

तयार झालेला मजकूर

> प्रिय स्नेहल आणि रोहित,
>
> तुमच्या घरी लेक आली ही बातमी कळली आणि आमच्या सगळ्या ऑफिसात आनंदीआनंद झाला. तुम्हा दोघांचं आणि घरच्या सगळ्यांचं मनापासून अभिनंदन!
>
> बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत हे ऐकून फार बरं वाटलं. स्नेहल, कामाची काळजी आता अजिबात करायची नाही. आईच्या हातचं खा, विश्रांती घे, स्वतःला जप.
>
> छकुले, तुझ्या पावलांनी घरात सुखसमृद्धी येवो. तुला उदंड आयुष्य लाभो, कुणाची दृष्ट न लागो, आणि तुझ्या हसण्या-रडण्यानं दोन्ही घरं कायम गजबजलेली राहोत.
>
> सोबत छोटासा बाळंतविडा पाठवतो आहोत, गोड मानून घ्यावा. आजी-आजोबांना आणि पणजीबाईंना आम्हा सर्वांचा नमस्कार. आता वाट बघतोय ती बारशाच्या बोलावण्याची.
>
> तुमचे,
> ऑफिसातले सगळे

पणजी घरात आहे हे फोनवर कळलं होतं, म्हणून ती आली. आज्जीला पणतीच्या कार्डात आपलं नाव निघालेलं ऐकायला मिळालं, तर ते कार्ड देव्हाऱ्याशेजारी जातं. ‘गोड मानून घ्यावा’ हे इंग्रजीत नव्हतं. पण ‘आवडेल अशी आशा’ याचं आपल्याकडचं रूप तेच आहे. ‘तुम्हा दोघांचं’, ‘बरं’, ‘तुझ्या हसण्यानं’ अशी अनुस्वाराची रूपं मी सगळीकडं ठेवली, कारण कार्ड बोलल्यासारखं वाचलं जाणार होतं. ‘तुमचे अभिनंदन’ आणि ‘बरं वाटलं’ अशी सरमिसळ मात्र करू नका. एका ओळीत पोशाख, दुसऱ्या ओळीत घरचे कपडे असं होतं.

झालेला मजकूर मोठ्यानं वाचा आणि कान दोन गोष्टींकडं ठेवा. एक, ‘तुमच्या’, ‘तुझ्या’, ‘आमच्या’ किती वेळा येतं. इंग्रजी प्रत्येक वस्तूला मालक जोडतं, मराठी जोडत नाही. ‘आईच्या हातचं खा’ म्हणताना ‘तुझ्या आईच्या’ म्हणावं लागत नाही. दोन, कुठं श्वास अडतो. जिथं अडतो तिथं बहुतेक ‘बद्दल’, ‘साठी’, ‘द्वारे’ यांनी दोन वाक्यं एकात शिवलेली असतात. उसवून टाका. घरात सत्तरीचं कुणी असेल तर त्यांना वाचून दाखवा, आणि कसं वाटलं म्हणून विचारू नका. नुसतं बघा, कुठल्या शब्दाला ते ‘आँ?’ म्हणतात.

मुलगा असेल तर याच मजकुरात दोनच जागा बदलतात. ‘लेक आली’चं ‘बाळराजे आले’ करता येतं, आणि ‘छकुले’चं ‘छकुल्या’. मुलगा की मुलगी हे माहीत नसेल तर ‘घरी बाळ आलं’ पुरतं. बाळ नपुंसकलिंगी असल्यानं मराठी इथं इंग्रजीपेक्षा सोयीचं पडतं. जुळं असेल तर आशीर्वाद अनेकवचनात आणा आणि दोघांना एकाच वाक्यात घ्या, एकाला आधी आणि एकाला मागून नको.

छापायला देताना

छपाईच्या दुकानात अजून पुष्कळ ठिकाणी श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट वापरतात. तुम्ही मोबाईलवर युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर त्यांच्याकडं गेला की एकतर चौकोन दिसतात, नाहीतर वेलांट्या भलत्या अक्षरावर बसतात आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. मग दुकानदार तो नव्यानं टाईप करतो, आणि चुका त्या वेळी शिरतात. म्हणून छापण्याआधी प्रूफ पीडीएफमध्ये मागवा आणि शब्दागणिक मिळवून बघा. या मजकुरात ‘समृद्धी’, ‘विश्रांती’, ‘आयुष्य’ आणि ‘दृष्ट’ यांवर बोट ठेवा. शेवटच्यावर जास्तच. ऋकाराच्या जागी उकार पडला की ‘कुणाची दृष्ट न लागो’चं ‘कुणाची दुष्ट न लागो’ होतं, आणि ते मोठ्यानं वाचणाऱ्याच्या लक्षात बरोबर येतं. ल आणि श मराठी वळणाचे आहेत ना, तेही बघून घ्या. हिंदी वळणाच्या अक्षरांनी कार्ड बाहेरून आणल्यासारखं दिसतं.

पाकिटावर फक्त स्नेहलचं सासरचं आडनाव घालून पाठवू नका. माहेरच्या गल्लीत तिला त्या नावानं कुणी ओळखत नाही, आणि कुरिअरवाला दोनदा फिरून टोपली परत नेतो. वर स्नेहलचं नाव, खाली तिच्या वडिलांचं पूर्ण नाव, मग गल्ली आणि पेठ, आणि फोन नंबर वडिलांचाच. बाळंतिणीचा फोन दुपारी बंदच असतो.